नोंदणी फी घेतली, मावशी आल्याच नाहीत: ब्यूरोकडून पैसे परत मिळवण्याची अर्ज प्रक्रिया

घरकामाला बाई, स्वयंपाकाला मावशी किंवा रुग्णाजवळ बसायला नर्स पुरवणारे ब्यूरो आधी नोंदणी फी घेतात. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात ‘फी परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं. पुढे माणूस येत नाही, फोन उचलला जात नाही आणि ती एक ओळ वाचून बहुतेक लोक गप्प बसतात. या माहितीचा रोख त्या ओळीवर आहे, कारण ती दिसते तितकी पक्की नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष सेवेचे पैसे पावतीत दिलेल्या मुदतीत परत न करणं, आणि पावतीत मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणं, ही त्यातली एक प्रथा. पावतीच न देणं हीसुद्धा त्याच यादीत आहे. ‘परत मिळणार नाही’ ही काही मुदत नव्हे, त्यामुळे ३० दिवसांचा मुद्दा मांडता येतो. शिवाय फी माणूस पाठवण्यासाठी घेतली आणि माणूस पाठवला नाही, ही सरळ सेवेतली त्रुटी झाली.

एक मर्यादा मात्र आधीच समजून घ्या. करारात ‘ही फी फक्त उमेदवारांची माहिती दाखवण्याची आहे’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तुमची सही असेल आणि ब्यूरोनं चार-पाच जणींची माहिती खरोखर पाठवली असेल, तर बाजू कमकुवत होते. म्हणून सही करण्याआधी फी नेमकी कशाची, हे वाक्य शोधून वाचावं.

तक्रार कोण करू शकतं

स्वतःच्या घरासाठी पैसे देऊन सेवा घेणारी कोणतीही व्यक्ती. ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही ग्राहकच ठरतो. मुलगा न्यू जर्सीत आहे, फी त्यानं भरली आणि मावशी सांगलीतल्या आईसाठी हव्या होत्या, तर आई स्वतःच्या नावानं तक्रार करू शकते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगात तक्रार चालते, त्यामुळे ब्यूरो पुण्याचा असला तरी आईला सांगली सोडावी लागत नाही. खानावळ, वसतिगृह किंवा खासगी दवाखान्यासाठी माणूस मागितला असेल तर ‘व्यापारी हेतू’ची हरकत येऊ शकते.

मुदत दोन वर्षांची. ती पैसे नाकारल्याच्या दिवसापासून न मोजता, माणूस यायचं ठरलेल्या दिवसापासून मोजा, म्हणजे वादाला जागा राहत नाही.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, कोथरूडच्या एका घरात आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आहे. चोवीस तासांच्या मावशी हव्यात. ब्यूरोनं ३ मार्चला यूपीआयनं ९,००० रुपये नोंदणी फी घेतली. कबुली अशी, की ४८ तासांत मावशी येतील, पगार महिना २४,००० आणि अकरा महिन्यांत तीन वेळा बदली मोफत. ५ तारखेला ‘गाडी चुकली’, ७ ला ‘गावाला कोणी वारलं’. १० ला एक बाई अकरा वाजता आल्या, ‘पेशंटचं काम मला सांगितलंच नव्हतं’ म्हणून चारला निघून गेल्या. त्यानंतर काही नाही.

दहा तारखेची ही एका दिवसाची पाठवणी निष्पाप नसते. उद्या ब्यूरो आयोगापुढे म्हणणार, आम्ही उमेदवार पाठवली, यांनीच नाकारली. म्हणून त्याच संध्याकाळी ब्यूरोला व्हॉट्सॲपवर लिहून ठेवायचं: ‘आज आलेल्या बाईंना रुग्णाच्या कामाची कल्पना दिलेली नव्हती, त्या स्वतःहून ४ वाजता गेल्या. कबूल केल्याप्रमाणे मावशी पाठवा.’ फोनवरच्या तासाभराच्या भांडणापेक्षा हा एक मेसेज जास्त कामाचा.

दरम्यान घरच्यांनी ओळखीतून रोज १,२०० रुपयांवर दुसऱ्या बाई ठेवल्या. ब्यूरोचा दर दिवसाला ८०० पडत होता. फरक ४०० रुपयांचा, पंधरा दिवसांचे ६,०००. हा आकडा मागणीत जरूर घाला, कारण नुसता ‘मानसिक त्रास’ लिहिण्यापेक्षा हिशेबातून आलेलं नुकसान पटतं. दुसऱ्या बाईंना दिलेले पैसे मात्र यूपीआयनं द्यावेत किंवा त्यांची सही घ्यावी, नाहीतर सहा हजारांना पुरावा नाही.

मागणी अशी होईल: फी ९,०००, वाढीव खर्च ६,०००, त्रासापोटी १०,००० आणि तक्रारीचा खर्च ५,०००. त्रासापोटी लाखभर मागितल्यानं लाखभर मिळत नाहीत.

तक्रार कोणाविरुद्ध लिहायची

सगळ्यात जास्त तक्रारी इथे अडतात. पाटीवर ‘अमुक होम केअर’ असतं, पण ते निव्वळ नाव असतं. त्यामागचा मालक कोण, हे शोधायचं. यूपीआयनं पैसे देताना खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. व्यवहाराच्या तपशिलात ते आजही सापडेल. पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकून नोंदणीचं कायदेशीर नाव पाहता येतं. कार्यालयात भिंतीवर गुमास्ता लावलेला असेल तर त्यावरही मालकाचं नाव असतं. मग तक्रारीत ‘अमुक होम केअर, तर्फे मालक श्री. तमुक’ असं लिहायचं. पैसे व्यक्तीच्या खात्यात गेले असतील तर त्या व्यक्तीलाही विरुद्ध पक्ष करा.

गुमास्त्याबद्दल एक गैरसमज आहे. ‘आमचा ब्यूरो सरकारमान्य आहे’ म्हणत तोच कागद दाखवतात. त्या कागदाचा अर्थ इथे आस्थापना आहे, एवढाच. ब्यूरो चालवण्याचा परवाना ही वेगळी गोष्ट: दिल्लीत खासगी प्लेसमेंट एजन्सींसाठी २०१४ चा परवान्याचा आदेश आहे, झारखंड आणि छत्तीसगडमध्ये कायदे आहेत. महाराष्ट्रातलं घरेलू कामगार कल्याण मंडळ २००८ च्या कायद्यानं आलं, पण ते कामगारांची नोंदणी आणि कल्याण पाहतं. ग्राहकाची फी परत मिळवून देणं त्याचं काम नाही, तिथे चकरा मारू नका.

आधी नोटीस

नोटीस कायद्यानं सक्तीची नाही, तरी पाठवाच. वकील लागत नाही. साध्या कागदावर तारीखवार चार ओळी, मागितलेली रक्कम आणि १५ दिवसांची मुदत लिहून स्पीड पोस्टानं पाठवा, तिचाच फोटो व्हॉट्सॲप आणि ईमेलवरही टाका. पाकीट ‘सोडून गेले’ किंवा ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडून परत आलं, तर फोडू नका, तसंच जपून ठेवा. पुष्कळदा पैसे याच टप्प्यावर निम्मे-अर्धे परत येतात. अर्ध्यावर तडजोड करायची नसेल तर ‘अंशतः मिळाले, बाकी बाकीच आहेत’ असं लेखी कळवा. ‘हिशेब पूर्ण’ या शब्दांखाली सही करू नका.

याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, फुकट. पण हेल्पलाइन समोरच्याला विचारणा करते, आदेश देत नाही. मोठ्या ॲपवाल्या कंपन्या तिथे उत्तर देतात. गल्लीतला ब्यूरो देईलच असं नाही. हेल्पलाइनच्या उत्तराची वाट पाहत आयोगाची मुदत घालवू नये.

आयोगात अर्ज

जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंतची प्रकरणं पाहतो. ही रक्कम मागणीची नसून तुम्ही मोजलेल्या मोबदल्याची. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, म्हणजे आपल्या उदाहरणात शून्य. अर्ज आयोगाच्या कार्यालयात देता येतो किंवा e-jagriti.gov.in वर मोबाइल क्रमांकानं खातं उघडून ऑनलाइन.

कागदपत्रं ही: तारखांचा तक्ता, तक्रार, त्यातला मजकूर खरा असल्याचं शपथपत्र, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, पावती किंवा करार, बँक खात्याचा उतारा, जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲप संभाषण, नोटीस आणि पोस्टाची पावती. संभाषणाचे निवडक स्क्रीनशॉट देऊ नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा आणि तो फोन विकू नका. प्रत्येक पानावर क्रमांक आणि सही हवी. शपथपत्र नोटरी केलेलं नाही, पानं अस्पष्ट आहेत, ब्यूरोचा पत्ता अपुरा आहे, अशा त्रुटींसाठी अर्ज परत येतो.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. मग ब्यूरोला नोटीस जाते. लेखी कैफियतीसाठी त्याला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापलीकडे मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. लहान ब्यूरो बरेचदा हजरच राहत नाहीत, मग प्रकरण एकतर्फी चालतं. कायदा तीन महिन्यांत निकालाची अपेक्षा ठेवतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. व्हिडिओद्वारे सुनावणीसाठी अर्ज करता येतो. आजारी माणूस घरी असताना तो जरूर करावा.

पोलिसांकडे कधी जायचं

कार्यालयाचा पत्ताच खोटा निघाला, पैसे मिळताच फोन बंद झाला, किंवा एकाच बाईचा फोटो वेगवेगळ्या नावांनी अनेकांना पाठवल्याचं कळलं, तर हा सेवेतल्या त्रुटीचा विषय राहत नाही, ती फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू होतं. ऑनलाइन पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. रक्कम पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवता आली तरच उपयोग. ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ असं ऐकवलं, तर सुरुवातीपासूनच माणूस पाठवायचा इरादा नव्हता, हे दाखवणाऱ्या गोष्टी पुढे करा. तरीही गुन्हा नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांकडे लेखी पाठवता येतं. पोलीस तक्रार केली म्हणून आयोगाचा रस्ता बंद होत नाही.

निकालानंतर

ब्यूरोला राज्य आयोगात अपील करायचं तर ४५ दिवसांची मुदत आहे आणि आदेशातल्या रकमेच्या निम्मी आधी भरावी लागते. इतक्या लहान रकमेसाठी कोणी सहसा तिथे जात नाही. अडचण वेगळीच येते: आदेश निघतो आणि पैसे येत नाहीत. तेव्हा त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करायचा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली वसुली होते, कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तोवर ब्यूरोनं पाटी बदलून नवं नाव लावलेलं असतं. म्हणूनच मालकाचं नाव पहिल्या दिवशीच तक्रारीत असावं लागतं, कारण वॉरंट पाटीच्या नावानं निघत नाही.