बॅटरीच्या स्क्रीनशॉटमधली बेरीज

फॅमिली ग्रुपवर कुणीतरी बॅटरीचा स्क्रीनशॉट टाकतं आणि खाली लिहितं, "दुपारपर्यंत फोन बंद पडतो, काय करू?" पाच मिनिटांत उत्तरं येतात. यूट्यूब काढून टाक, फेसबुक काढून टाक. यादीत जे ओळखीचं नाव वर दिसेल, त्याच्यावर खापर. त्या ओळीपुढची टक्केवारी नेमकी कशाची, हे मात्र कुणी विचारत नाही.

ही टक्केवारी दोन प्रकारची असते. काही फोन ती संपूर्ण बॅटरीच्या हिशेबात दाखवतात, काही फक्त खर्च झालेल्या भागाच्या. ओळखायचं कसं? सगळ्या ओळींची बेरीज करायची. बॅटरी ६० टक्के उतरली असेल आणि बेरीजही साठच्या आसपास येत असेल, तर आकडे संपूर्ण बॅटरीचे आहेत. बेरीज शंभरच्या आसपास आली, तर ते खर्चातले वाटे आहेत. नवे अँड्रॉइड फोन बहुधा वाटेच दाखवतात. त्यामुळे दिवसभरात फोन जेमतेम वापरला तरी कुणीतरी ३० टक्क्यांवर दिसणारच. खर्च थोडा असेल, तर त्यातले ३० टक्केही थोडेच.

समजा, ५००० एमएएच बॅटरीच्या फोनचा स्क्रीनशॉट आहे. रात्री दहाला १०० टक्के, सकाळी दहाला ४०. म्हणजे बारा तासांत ३००० एमएएच गेले. ओळी अशा: मोबाइल नेटवर्क ३२ टक्के, स्क्रीन २६, यूट्यूब १२, व्हॉट्सअ‍ॅप ९, बाकी किरकोळ. बेरीज शंभर, म्हणजे वाटे.

आता प्रत्येक वाट्याचे एमएएच काढून त्याला तासांनी भागायचं. स्क्रीनचे ७८० एमएएच झाले आणि ती तीन तास चालू होती, म्हणजे तासाला २६०. मोठ्या स्क्रीनला एवढं लागतंच. यूट्यूबचे ३६०, वापर एक तास चाळीस मिनिटं, तोही समोर बघत असताना. पार्श्वभूमीत शून्य मिनिटं. व्हिडिओ बघितला, त्याची किंमत मोजली, यात चोरी कुठेच नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे २७० मात्र खटकतात, कारण स्क्रीनवर ते २५ मिनिटंच होतं आणि पार्श्वभूमीत जवळजवळ चार तास. नेटवर्कचे ९६० एमएएच भागिले बारा तास, म्हणजे तासाला ८०. चांगली रेंज असताना नुसता पडून असलेला फोन सगळं मिळून तासाला २५ ते ५० खातो. इथे एकटं नेटवर्कच ८० खातंय.

नेटवर्क एवढं का खातं, हे समजून घेण्यासारखं आहे. निवांत पडलेला फोन टॉवरशी सतत बोलत नसतो. तो साधारण सेकंदा-दोन सेकंदांनी क्षणभर कान टवकारतो, आपल्यासाठी काही निरोप आहे का ते ऐकतो आणि परत झोपतो. ऐकणं स्वस्त असतं, बोलणं महाग. टॉवर जवळ असेल तर फोन एक मिलिवॅटच्या आतबाहेर कुजबुजला तरी पुरतं. टॉवर लांब असेल किंवा मधे स्लॅबच्या भिंती असतील, तर टॉवरच त्याला आवाज चढवायला सांगतो. फोर-जी फोनची कमाल मर्यादा साधारण २०० मिलिवॅट आहे. ही अँटेनाबाहेर पडणारी शक्ती झाली. ती निर्माण करणारा अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीकडून त्याच्या दुपटीहून जास्त घेतो आणि उरलेलं उष्णतेत घालवतो. खिशातला फोन काही न करता कोमट लागतो, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

दुसरी गोम अशी की बोलणं संपलं तरी रेडिओ, म्हणजे फोनमधला टॉवरशी बोलणारा भाग, लगेच झोपत नाही. आणखी काही येईल म्हणून टॉवर त्याला थोडा वेळ, बऱ्याच ठिकाणी दहा-एक सेकंद, जागं ठेवतो. त्यामुळे 'गुड मॉर्निंग'च्या एका छोट्या निरोपासाठीही रेडिओ तेवढा वेळ जागतो. असे शंभर निरोप सुटे सुटे आले, तर ते एकदम आल्यापेक्षा कितीतरी महाग पडतात. रेंज येते-जाते अशा जागी त्यात टॉवर शोधत बसण्याचा खर्चही मिळतो. कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून जाताना बॅटरी झपाट्याने उतरते ती त्यामुळेच.

रेंज मोजायला दांड्यांवर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'खाली सिम स्टेटस उघडलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. उणे ८५ चांगला, उणे ११० क्षीण. प्रत्येक १० डीबीच्या फरकाला शक्ती दहापट बदलते, म्हणजे या दोन आकड्यांत तीनशेपटीहून जास्त अंतर आहे.

एक सावधगिरी. बहुतेक फोनांत या ओळी मोजलेल्या नसतात, अंदाजलेल्या असतात. कारखान्यात फोनमध्ये एक तक्ता भरलेला असतो: स्क्रीन इतका प्रवाह घेते, रेडिओ इतका. सिस्टिम त्याला वेळेने गुणून खर्च वाटून देते. तक्ता निष्काळजीपणे भरला असेल, तर वाटपही चुकतं. फोनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करून तो एडीबी हे साधन असलेल्या संगणकाला जोडला आणि खालची आज्ञा दिली, की अंदाजे खर्च आणि खरा खर्च शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींत मोठी तफावत असेल, तर यादीवर फार विश्वास ठेवू नये.

```
adb shell dumpsys batterystats
```

संगणक नसेल तर तीन रात्रींचा प्रयोग करा. साडेअकरा ते साडेपाच फोन तसाच ठेवा, समजा १४ टक्के उतरले. दुसऱ्या रात्री एअरप्लेन मोड, २ टक्के. तिसऱ्या रात्री एअरप्लेन मोड ठेवून फक्त वायफाय चालू, ४ टक्के. तिसऱ्या रात्री अ‍ॅप्सची सगळी कामं चालूच होती, तरी बॅटरी फारशी उतरली नाही. म्हणजे दोष अ‍ॅप्सच्या कामापेक्षा रेडिओच्या आरडाओरड्याचा. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून डेटा वायफायवर घ्या. फाइव्ह-जी लुकलुकत असेल तर फोन फोर-जीवर बांधा. रेंज नसलेलं दुसरं सिम बंद ठेवा.

उरलं व्हॉट्सअ‍ॅप, आणि त्याचं उत्तर स्टोरेजच्या स्क्रीनशॉटमध्ये सापडतं. १२८ जीबीपैकी ११९ भरलेले आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपच्याच 'मॅनेज स्टोरेज'मध्ये ३४ जीबी दिसतात. भरलेली जागा स्वतः बॅटरी खात नाही, पण तिच्या प्रती पाठवायला बॅटरी लागते. व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच बॅकअप घेतं. गूगल ड्राइव्हचा बॅकअपही रात्रीचा लावलेला असेल, तर त्या वेळी नवीन मजकूर वर चढतो. 'इन्क्लूड व्हिडिओज' आणि मोबाइल डेटावरून बॅकअप हे दोन्ही चालू असले आणि रेंज क्षीण असली, तर दिवसभराचे फॉरवर्ड व्हिडिओ कमाल ताकदीने ओरडत वर जातात. बॅटरीच्या आलेखात दोन ते चारमध्ये उतार तीव्र दिसत असेल, तर खात्री पटते. चॅट बॅकअपमध्ये ते दोन्ही पर्याय बंद करा, मग 'मॅनेज स्टोरेज'मधले ५ एमबीहून मोठे आणि अनेकदा फॉरवर्ड झालेले हे दोन गठ्ठे तपासून काढा. क्लिअर डेटाचं बटण मात्र दाबू नका, त्याने खातंच फोनवरून निघून जातं.

क्लीनर अ‍ॅप्स आणि दर तासाला उघडलेली अ‍ॅप्स वर सरकवून मारण्याची सवय, दोन्ही या प्रकरणात निरुपयोगी. मारलेलं अ‍ॅप पुन्हा उघडताना सुरुवातीपासून उठवावं लागतं, त्याला जास्त वीज लागते. आणि क्लीनर पार्श्वभूमीत जागा राहत असेल, तर पुढच्या स्क्रीनशॉटमध्ये तोच एक ओळ अडवून बसतो.

बदल केल्यावर फोन पूर्ण चार्ज करा आणि त्याच बारा तासांनी नवा स्क्रीनशॉट काढा. बघायचं ते टक्के नव्हेत. नेटवर्क कमी झालं की यूट्यूबचा वाटा आपोआप १२ वरून १६ होईल, तेवढ्याने यूट्यूब बिघडलेलं नसतं. तासाला ८० चे किती झाले, तेवढं काढा.