स्कीम, गाडीची फेरी आणि उधारी : दुकानदारांसाठी माहिती

नमस्कार,

मार्जिनबद्दल सर्वांत जास्त घोळ दोन वेगवेगळ्या टक्क्यांमुळे होतो. किंमत-नियंत्रणातल्या औषधांवर 16 टक्के मार्जिन तुमच्या खरेदी दरावर धरलेले असते. खरेदी 100 तर विक्री 116, म्हणजे विक्रीवर मोजले तर जेमतेम 13.8 टक्के. नियंत्रणाबाहेरच्या औषधांवर सहसा मिळणारे 20 टक्के मात्र विक्रीवरचे असतात. 100 चा माल 80 ला पडतो. (इथले सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत.)

आता स्कीम. 80 रुपयांच्या स्ट्रिपवर 10+1 असेल तर 800 मध्ये 11 स्ट्रिपा येतात आणि एक 72.73 ला पडते. बचत 80 रुपये, पण अकराही विकल्या तरच. ती स्ट्रिप तुमच्याकडे महिन्याला तीनच जात असेल, तर माल जवळपास चार महिने फळीवर राहील आणि आमचे बिल मात्र 21 दिवसांत भरावे लागेल. 20,000 च्या बिलात अशा पाच स्कीमा असल्या की 4,000 रुपये अडकले. त्याच पाचही स्ट्रिपा तीन-तीन घेतल्या तर बिल 17,200 चे होते. ते 7 दिवसांत भरल्यास रोखीची 2 टक्के सूट, म्हणजे 344 रुपये, आठवड्यातच सुटतात. स्कीमचे 400 सुटायला चार महिने लागतील. म्हणून स्कीम महिन्या-दीड महिन्यात संपणाऱ्या मालावरच घ्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.

थोडा माल मागवायला अडचण नको म्हणून शहरात रोज दोन फेऱ्या आहेत. सकाळी 11 पर्यंतची ऑर्डर दुपारी 2 पर्यंत, संध्याकाळी 5 पर्यंतची रात्री 8 पर्यंत पोहोचते. राऊ आणि महूला दुपारची एकच फेरी. रविवारी गाडी नाही.

इन्सुलिन जेल-पॅकच्या डब्यात येते. डबा आमच्या माणसासमोरच उघडा आणि लगेच 2 ते 8 अंशांवर ठेवा, फ्रीझरच्या कप्प्याला चिकटवून नको. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी वापरण्याजोगे राहत नाही. हा माल परत घेता येत नाही.

उधारीचे 21 दिवस बिलाच्या तारखेपासून मोजतो, माल मिळाल्यापासून नाही. 30 दिवस उलटले की नवे बिल निघत नाही. आलेली रक्कम आधी सर्वांत जुन्या बिलात जमा होते. त्यामुळे जुनी बाकी असताना नव्या बिलाचे पैसे सातव्या दिवशी पाठवले तरी रोखीची सूट बसत नाही, आणि वाद इथेच होतात. यूपीआयने पैसे पाठवताना बिल नंबर लिहा. एक्स्पायरीच्या मालाची रक्कम स्वतः कापू नका; स्कीमचा माल असेल तर क्रेडिट नोट 80 नव्हे, 72.73 च्या दराने निघते.