साडेआठ टक्के आणि साडेसहा टक्के: ॲन्युइटीच्या कोटेशनवरचे दोन दर

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत आयुष्य घालवलेला माणूस साठाव्या वर्षी घरी बसतो, तेव्हा ग्रॅच्युइटी आणि पीएफ मिळून एक मोठा आकडा त्याच्या खात्यावर येतो. मग आठवडाभरात कुणीतरी पेन्शन पॉलिसीचा कागद घेऊन दारात येतं. आमच्या अनगोळातल्या शेजारच्या काकांकडे असाच एक कागद आला होता. दहा लाख एकदाच भरायचे आणि मरेपर्यंत ठरलेली रक्कम घ्यायची, यालाच ॲन्युइटी म्हणतात. कागदावर दोन ओळी होत्या. पहिलीत वर्षाला ८४,००० आणि दुसरीत वर्षाला ६६,०००. दुसरीपुढे कंसात "खरेदी किंमत परत" असं छापलेलं. (आकडे मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. दर कंपनीगणिक आणि महिन्यागणिक बदलतात.)

काकांचा पहिला प्रश्न होता, "बँक सात टक्के देते, मग हे साडेआठच्या जवळ देतात कसे? आणि खालचे साडेसहा कशाला कोण घेईल?" दोन्ही ओळी टक्क्यांत सांगितल्या, की पहिली ८.४ आणि दुसरी ६.६ होते. दोन्ही टक्केच, म्हणून दोन्ही व्याजच वाटतात. गोंधळ इथेच होतो. यातला एकच आकडा व्याजाचा आहे, आणि तो कमी असलेला.

खालची ओळ आधी घेऊ, कारण ती सरळ आहे. विमा कंपनी तुमचे दहा लाख घेऊन मुख्यतः सरकारचे तीस-चाळीस वर्षांचे दीर्घ मुदतीचे रोखे घेते. ते सात टक्क्यांच्या आसपास देतात असं धरू. म्हणजे वर्षाला ७०,००० येतात. त्यातून कंपनी आपला खर्च, एजंटचं कमिशन, नफा आणि जोखमीसाठी बाजूला ठेवायची रक्कम मिळून चारेक हजार कापते आणि ६६,००० तुम्हाला देते. मुद्दलाला हात लागत नाही. तुम्ही सत्तराव्या वर्षी गेलात काय, पंच्याण्णवाव्या वर्षी गेलात काय, वारसाला दहा लाख पूर्ण मिळतात. त्यामुळे परतावा कुठल्याही वयात ६.६ टक्केच पडतो. थोडक्यात, ही आयुष्यभराची मुदत ठेव आहे. फरक एवढाच की दर पाच वर्षांनी बँकेत जाऊन नवा दर बघावा लागत नाही. घेतल्या दिवशीचा दर कायम राहतो, मग पुढे व्याजदर चारवर येवोत की नऊवर जावोत.

वरच्या ओळीचं गणित वेगळं आहे. रोख्यांतून ७०,०००च येतात, आणि तुम्हाला ८४,००० मिळतात. वरचे १४,००० तुमच्याच मुद्दलातले आहेत. पहिल्या वर्षाअखेर तुमच्या नावचं मुद्दल साधारण ९ लाख ८६ हजार उरतं, पुढच्या वर्षी व्याज थोडं कमी येतं आणि मुद्दल थोडं जास्त खर्ची पडतं. हेच तुम्ही स्वतः बँकेत केलं, सात टक्के कायम मिळतील असं धरलं आणि दरवर्षी ८४,००० काढले, तर पैसे साडेसव्वीस वर्षं पुरतात. म्हणजे साडेशहाऐंशीव्या वर्षी खातं रिकामं. कंपनी मात्र त्यानंतरही देत राहते. कुठून? त्याच वर्षी तीच पॉलिसी घेतलेल्या, पण बहात्तराव्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी गेलेल्या लोकांच्या उरलेल्या मुद्दलातून. लवकर जाणाऱ्यांचं मुद्दल उशिरा जाणाऱ्यांना पोसतं. बँकेत ही सोय होऊच शकत नाही, कारण तिथे तुमचं मुद्दल फक्त तुमचं आणि तुमच्या वारसाचं असतं.

म्हणून ८.४ टक्के हा व्याजदर नाही. तो तुम्हाला खरंच किती टक्के पडला, हे तुम्ही किती जगता यावर ठरतं. सत्तराव्या वर्षी गेलात तर हातात फक्त ८ लाख ४० हजार आलेले असतात, म्हणजे मुद्दलसुद्धा वसूल झालेलं नसतं. ऐंशीपर्यंत जगलात तर परतावा साधारण साडेपाच टक्के. पंच्याऐंशीला पावणेसातच्या थोडा वर. नव्वदला ७.४. शंभरीला पोचलात तरी आठच्या आसपास. कितीही वर्षं जगलात तरी ८.४ चा आकडा गाठला जात नाही, कारण मुद्दल कधीच परत मिळत नाही. काकांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "मग साडेआठ म्हणून का सांगितलं त्यानं?" प्रश्न रास्त आहे. एजंट खोटं बोलत नाही, पण एका वर्षात हाती येणारी रक्कम भागिले भरलेली रक्कम, एवढंच तो टक्क्यांत सांगतो. त्याला देयकाचा दर म्हणावं, परतावा म्हणू नये.

हा देयकाचा दर कशावरून ठरतो? पहिली गोष्ट म्हणजे त्या दिवशीचे दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांचे दर. ते चढले की नव्या ॲन्युइटीचे दर चढतात. दुसरी गोष्ट तुमचं वय. वय जास्त तेवढी कंपनीला द्यावी लागणारी वर्षं कमी, त्यामुळे वर्षाला देण्याची रक्कम जास्त. इथे एक सोपी चाचणी आहे. एजंटकडून दोन्ही ओळींचे दर साठाव्या आणि सत्तराव्या वयासाठी मागून घ्या. मुद्दल न परतणाऱ्या ओळीचा दर सत्तरीत चांगलाच वर गेलेला दिसेल, मुद्दल परतणाऱ्या ओळीचा जवळपास जागचा हललेला दिसणार नाही. वयाप्रमाणे जो हलतो, त्याच्या पोटात मुद्दल आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे किती लोक किती वयापर्यंत जगतात याचं कोष्टक. विमा कंपन्या इथे सर्वसामान्य जनगणनेचा आधार घेत नाहीत. ॲन्युइटीसाठी वेगळं मृत्युदर कोष्टक आहे. सध्याचं २०१२ ते २०१५ या काळातल्या पेन्शनधारकांच्या अनुभवावरून बनलेलं आहे आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालं. ते वेगळं असण्याचं कारण असं की ॲन्युइटी घेणारे लोक सरासरीपेक्षा जास्त जगतात. ज्याला दोनदा हार्ट अटॅक येऊन गेला आहे तो मुद्दल सोडून पेन्शन घ्यायला जात नाही, ज्याच्या घरात आजोबा-पणजोबा नव्वदी ओलांडून गेले तो जातो. कंपनीला हे माहीत असतं, म्हणून ती दीर्घायुष्य गृहीत धरून दर ठरवते. याचा परिणाम असा की प्रकृती खरोखर नाजूक असलेल्या माणसाला ही ओळ महागात पडते. सहसा त्याला तोच दर मिळतो जो तंदुरुस्त शेजाऱ्याला मिळतो. त्यानं त्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

बाकी किरकोळ गोष्टी: दरमहा हवं असेल तर वर्षाच्या आकड्याला बारानं भागून मिळतं त्याहून थोडं कमी मिळतं, कारण पैसे लवकर दिले जातात. मोठी रक्कम भरली की दर किंचित वाढतो. एजंटशिवाय थेट घेतलं तरी बऱ्याच ठिकाणी थोडा फायदा असतो. आमच्या सीमेवरच्या भागात एक प्रश्न हमखास विचारला जातो, की गडहिंग्लज किंवा कोल्हापूरच्या शाखेतून घेतलं तर जास्त मिळतं का. नाही. एकाच पॉलिसीचा, एकाच वयाचा, एकाच दिवसाचा दर बेळगावात, निपाणीत आणि पुण्यात एकच असतो. राज्य बदलल्यानं काही बदलत नाही.

आता दोन ओळींतला फरक वर्षाला १८,००० आहे. तो काकांनी असा समजून घ्यावा असं मी सुचवलं: मागे दहा लाख ठेवण्यासाठी खालच्या ओळीत तुम्ही दरवर्षी १८,००० सोडून देता. तेच १८,००० वेगळे काढून ६.६ टक्क्यांनी वाढवत नेले, तर दहा लाख व्हायला चोवीस वर्षांहून थोडं जास्त लागतं. म्हणजे चौऱ्याऐंशीच्या आत गेलात तर मुद्दल परतणारी ओळ घरच्यांच्या फायद्याची, चौऱ्याऐंशीच्या पुढे गेलात तर वरची. हिशेब एवढाच आहे, पण तो कोटेशनवर कुठे छापलेला नसतो.

दोन्ही ओळींना एक मर्यादा सारखीच आहे. रक्कम कायम ठरलेली असते. महागाई सहा टक्क्यांनी वाढत राहिली तर आजच्या ६६,००० ची खरी किंमत बारा वर्षांत निम्मी होते. काही पॉलिसींत दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढणारा पर्याय असतो, पण त्याची सुरुवात बऱ्याच कमी रकमेवरून होते. आणि कर: वरच्या ओळीतले ८४,००० त्यातल्या मुद्दलाच्या भागासकट उत्पन्न म्हणून धरले जातात. करपात्र उत्पन्नच नसेल तर प्रश्न नाही, पण ज्याला इतर पेन्शन किंवा घरभाडं येतं त्यानं हे मोजावं.

साठीच्या माणसापुढे लगेचचा पर्याय म्हणजे पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तिचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला, आणि तो खरा व्याजदर आहे, मुद्दल पाच वर्षांनी पूर्ण परत मिळतं. मर्यादा तीस लाख. त्यामुळे ज्याच्याकडे एकूण रक्कमच पंधरा-वीस लाख आहे, त्यानं मुद्दल परतणारी ॲन्युइटी आधी घ्यावी, असं मला वाटत नाही. पाच वर्षांनी दर खाली आले तर काय, ही भीती खरी आहे. पण त्या भीतीपासून सुटका विकत घ्यायला आज दीड टक्का सोडावा लागतो. शिवाय मुदतीअंती वय पासष्ट झालेलं असतं, आणि मुद्दल न परतणाऱ्या ओळीचा दर वयामुळे वाढलेला असतो. ज्या दराचा पाया वयावर आहे, त्यासाठी थांबण्यात थोडा फायदा आहे.

काकांच्या कागदावर सगळ्यात मोठी उणीव मात्र दरात नव्हती. दोन्ही ओळी फक्त त्यांच्या एकट्याच्या नावानं काढलेल्या होत्या. वरची ओळ घेऊन ते तीन वर्षांत गेले असते, तर काकूंना एक पैसाही मिळाला नसता. काकू त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान आहेत. एजंटला फोन करून दोघांच्या नावाचा, म्हणजे एक गेल्यावर दुसऱ्याला तीच पूर्ण रक्कम चालू राहील असा आकडा मागितला. तो ८४ वरून ७६ हजारांवर आला, कारण आता कंपनीला दोघांतलं शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत द्यायचं आहे, आणि ते बहुधा काकूच असतील. आठ हजारांची ही घट म्हणजे काकूंच्या पुढच्या वर्षांची किंमत. काका म्हणाले, "मग पंधरा लाख पोस्टात टाकतो, आणि हे दोघांचं पाचच लाखांचं घेतो. तेसुद्धा पासष्टीला." फॉर्म त्यांनी त्या दिवशी भरला नाही. एजंटला तसं कळवलं, आणि पाच वर्षांनी त्या वेळचे दर मागायचे, असं कागदाच्या मागे लिहून ठेवलं.