साप्ताहिक दरआलेखावरून विक्रीचा आठवडा ठरवणे

धान्यबाजाराच्या आठवडी दरांच्या आलेखाचे स्क्रीनशॉट जमवून, कोठारातला माल कोणत्या आठवड्यात बाहेर काढायचा हे ठरवण्याची ही पद्धत आहे. तिचा गाभा असा की सर्वांत जास्त भावाचा आठवडा आणि सर्वांत जास्त पैसे हातात पडण्याचा आठवडा बहुधा एक नसतो. आलेखात फक्त भाव दिसतो. माल थांबवून धरण्याचा खर्च ज्याचा त्याने वेगळा काढून त्यातून वजा करावा लागतो.

आधी चित्रातले आकडे वहीत उतरवून घ्यावेत: आठवडा, सर्वसाधारण दर आणि आवक. दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवून रेषांची तुलना करू नये, कारण उभ्या अक्षाची मोजणी प्रत्येक चित्रात बदलते. अक्ष शून्याऐवजी 98 पासून सुरू झाला, तर 100 वरून 107 वर गेलेला भावही उभ्या कड्यासारखा दिसतो. कमाल दराची रेषा तर बाजूलाच ठेवावी. तो दर एखाद्या निवडक ढिगाला मिळालेला असू शकतो, आपल्या मालाला तो मिळेलच असे नाही.

आवकेचा आकडा सोडला तर सरासरीही फसवते. समजा आठवड्यात दोनच दिवस सौदे झाले: एका दिवशी 900 क्विंटल 104 दराने आणि दुसऱ्या दिवशी 100 क्विंटल 110 दराने. साधी सरासरी 107 येते, पण आवकेचे वजन धरले तर बाजाराचा खरा भाव 104.6 निघतो. बाजार बंद असलेल्या आठवड्यातही आलेख दोन बिंदू सरळ रेषेने जोडून टाकतो, तेव्हा आवक शून्य असेल तर तो बिंदू खोडावा. सर्वांत उजवीकडचा बिंदू चालू, म्हणजे अर्धवट आठवड्याचा असतो. म्हणून स्क्रीनशॉट नेहमी आठवडा संपल्यावर, शक्यतो ठरल्या वारी घ्यावा. तारीख आणि वर्ष कापले गेलेले, फिरत फिरत आलेले चित्र तर हिशेबात धरूच नये. ते मागच्या हंगामाचेही असू शकते.

आता थांबण्याचा खर्च. काढणीच्या वेळचा दर 100 धरू. पैशावर वर्षाला 12 टक्के व्याज असेल, तर आठवड्याला सुमारे 0.23 पडतात. कोठाराचे भाडे 0.27 आणि कीड व धुरीकरणाचे 0.10 धरले, तर एक आठवडा थांबायला 0.60 लागतात. याचा अर्थ भाव आठवड्याला 0.60 पेक्षा कमी वाढत असेल, तर वाढत्या भावातही तोटा चालू असतो. वहीतली नोंद समजा अशी आहे: चौथ्या आठवड्यात 103, सहाव्यात 105.5, आठव्यात 107, नवव्यात 107.4 आणि दहाव्यात 107.8. खर्च वजा जाता हातात अनुक्रमे 100.6, 101.9, 102.2, 102.0 आणि 101.8 उरतात. रेषा अजून वर चढतेच आहे, पण विक्रीचा आठवडा आठवा होता.

हे आठव्याच आठवड्यात कळत नाही, हीच या पद्धतीची खरी मर्यादा. वाढ मंदावल्याचे नवव्या आठवड्याचा आकडा आल्यावर दिसते, आणि एकच मंद आठवडा हा पुरावा नव्हे. सलग दोन आठवडे वाढ 0.60 च्या खाली आणि त्याच वेळी आवक वाढती, असे दिसले तर माल काढावा. इथे दहाव्या आठवड्यात विकणाऱ्याचे आठव्याच्या तुलनेत 0.4 गेले, आणि खात्रीची तेवढी किंमत पटण्यासारखी आहे. अर्धा माल नवव्यातच काढला तर ती आणखी कमी होते.

बहुतेकांच्या हिशेबातून सुटते ती वजनातली घट. 14 टक्के ओलाव्याने भरलेले धान्य 12 टक्क्यांवर आले, की 100 किलोचे साधारण 97.7 किलो उरते. कोरड्या मालाला जादा भाव नसेल, आणि 14 टक्क्यांवर काढणीच्या वेळीही कपात होणार नसेल, तर वरच्या उदाहरणातला आठवा आठवडा 99.8 वर येतो. म्हणजे दोन महिने थांबून काढणीच्या दिवसापेक्षाही कमीच पैसे मिळाले. यासाठी ओलावा भरताना एकदा आणि विकण्याआधी एकदा मोजावा, आणि त्याचे आकडे दराच्याच पानावर लिहावेत.

मागच्या तीन ते पाच हंगामांचे त्याच आठवड्यांचे आकडे हाताशी असले, तर चढ साधारण कुठे थकतो याचा अंदाज बांधता येतो. आयात खुली होणे किंवा निर्यात थांबणे मात्र कोणत्याही जुन्या रेषेत आधी उमटत नाही. अशा बातमीच्या आठवड्यात मागचा आलेख मिटवावा आणि तिथून पुढचे बिंदू नव्याने मोजावेत.