‘वय 8-9’ लिहिलेला शर्ट आटतो का?

जून जवळ आला की लातूर-परभणीच्या दुकानांपासून मोबाईलपर्यंत गणवेशाचे संच दिसू लागतात: दोन शर्ट, दोन हाफ पँट, मोज्यांचे दोन जोड, बेल्ट, टाय. खाली एक ओळ असते, ‘वय 8-9, धुतल्यावर आटत नाही’. यातलं वय तर सोडूनच द्या, एकाच वर्गातल्या दोन पोरांच्या छातीत सहज दोन-तीन इंचांचा फरक असतो. खरी मेख आहे ती ‘आटत नाही’ या शब्दांत.

कपडा उन्हानं आटतो, असा समज आहे. उन्हानं रंग उडतो. आटवतं ते पाणी. कापड विणताना ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर घट्ट ताणलेले असतात. कापसाचा तंतू भिजला की जाडीत फुगतो, लांबीत जवळजवळ वाढत नाही. आता ताण्याचा धागा आडव्या बाण्याच्या खालून-वरून जातो. बाणा जाड झाला, म्हणजे त्याला वळसा घालायला ताण्याला जास्त लांबी लागते. ती येणार कुठून? कापडाच्याच लांबीतून. वाळल्यावर तंतू पुन्हा बारीक होतो, पण धाग्यांमधल्या घर्षणामुळे कापड पूर्ण मागं येत नाही. शर्ट कापताना ताणा बहुधा उभा ठेवतात, म्हणून शर्ट रुंदीपेक्षा उंचीत आणि बाहीत जास्त आखडतो.

पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून टेरीकॉट कमी आटतं. मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम टिपण्याच्या बाबतीत ते सुतीच्या मागं पडतं. सुती हवं असेल, तर कारखान्यात वाफ देऊन आधीच आखडवलेलं कापड आहे का, ते विचारावं.

समजा, मुलाची छाती 25 इंच आहे. हालचालीला मोकळं राहायला शर्टाचा घेर 29-30 इंच हवा. शर्टाची उंची 21 इंच असेल आणि कापड 5 टक्के आटलं, तर इंचभर उंची जाते आणि हात वर केला की शर्ट पँटमधून बाहेर येतो. म्हणून संचातल्या एकाच शर्टावर आतून उभ्या दिशेत बरोबर 10 इंचांवर दोन टाके घाला. साध्या पाण्यात तीन वेळा धुऊन, न ताणता सावलीत वाळवून मोजा. अंतर साडेनऊ इंच भरलं, तर आटणं 5 टक्के. बरंचसं आटणं पहिल्या काही धुण्यांतच उरकतं. पुढच्या मापाचा शर्ट घ्यायचा की नाही, ते इथेच कळतं. दुसरा शर्ट तोवर न धुता ठेवा, म्हणजे बदलून मागता येईल.

निळी पँट मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, असं आज्या सांगतात. रंगवताना हौदात मीठ वापरतात हे खरं, पण एकदा रंगून आलेल्या कापडाला त्याचा काही उपयोग नाही. पांढरा शर्ट वेगळ्या बादलीत धुवा, एवढं पुरे. पँट घेताना पायाची आतली दुमड मोजा. दीड-दोन इंच असेल, तर आटलेली लांबी पुढच्या वर्षी उसवून परत मिळते.