कर्जासाठी किंवा व्हिसासाठी नोकरीचं पत्र: पगार आणि नोकरीचा काळ कसा लिहून घ्यावा

गृहकर्जाची फाईल बँकेत गेली की सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंटबरोबर बऱ्याचदा कंपनीच्या लेटरहेडवरचं एक पत्रही मागतात. कुणी त्याला एम्प्लॉयमेंट लेटर म्हणतं, कुणी सॅलरी सर्टिफिकेट. व्हिसाच्या अर्जालाही असंच पत्र लागतं. एचआरला मेल टाकला की ते सहसा मिळतं, पण त्यातला पगाराचा आकडा किंवा रुजू झाल्याची तारीख बाकीच्या कागदांशी जुळली नाही तर फाईल अडते. म्हणून मेल टाकण्याआधी या दोन गोष्टी स्वतः तपासून घ्याव्यात.

आधी पगार. समजा ऑफर लेटरवर सीटीसी वर्षाला ९,६०,००० आहे. म्हणजे महिन्याला ८०,००० असं आपण सहज म्हणतो, आणि घाईत एचआरही तसंच लिहून टाकतं. आता हा आकडा उलगडू या. यातले ९६,००० व्हेरिएबल पे आहेत, ते वर्षअखेरीस कामगिरीवर मिळणार. उरले ८,६४,०००, म्हणजे महिन्याला ७२,०००. बेसिक ४०,००० धरलं, तर त्यावर १२ टक्के दराने कंपनीच्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि ४.८१ टक्के दराने ग्रॅच्युइटीची तरतूद १,९२४. विम्याचा हप्ता १,२७६ धरू. हे ८,००० सीटीसीत मोजले जातात, पण दरमहा हातात येत नाहीत. म्हणजे ग्रॉस पगार झाला ६४,०००. त्यातून आपल्या वाट्याचा पीएफ ४,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला की खात्यात जमा होतात ५९,०००. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापला जातो, म्हणून त्या महिन्यात १०० रुपये कमी. या उदाहरणात टीडीएस कापला जात नाही असं धरलंय, तुमच्या स्लिपवर तो असेल तर तोही वजा करा.

पत्रात मासिक पगार ८०,००० आणि स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला ५९,००० जमा, हे बँकेच्या अधिकाऱ्याला एका नजरेत दिसतं. तो हप्त्याची ऐपत हातात येणाऱ्या पगारावरून काढतो. निम्मा पगार हप्त्याला जाऊ शकतो असं धरलं तर ५९,००० वर २९,५०० चा हप्ता बसतो, ८०,००० वर ४०,००० चा. एवढा फरक दिसला की चूक नकळत झाली की मुद्दाम केली, हा प्रश्न त्याला पडणारच. म्हणून पत्रात वार्षिक सीटीसी, मासिक ग्रॉस आणि मासिक निव्वळ पगार हे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या, आणि व्हेरिएबल पे स्वतंत्र वाक्यात. व्हेरिएबल किती धरायचं हे प्रत्येक बँक आपापल्या नियमाने ठरवते, आणि तो मागच्या वर्षांत खरोखर मिळालाय हे सहसा फॉर्म १६ आणि स्टेटमेंटवरून पाहते. पगारवाढ नुकतीच झाली असेल, तर ती कुठल्या महिन्यापासून लागू आहे तेही लिहून घ्या, कारण मागच्या तीन स्लिपांवर जुनाच आकडा असतो.

तारखेचा घोळ मात्र जास्त त्रास देतो. पुण्याजवळ चाकणला किंवा नाशिकला कारखान्यात काम करणाऱ्या अनेकांची सुरुवात कंत्राटदाराच्या पेरोलवर होते. समजा एकजण १० जून २०१९ ला कंत्राटदारामार्फत लागला आणि १ एप्रिल २०२१ ला कंपनीने त्याला रोलवर घेतलं. मशीन तेच, शिफ्ट तीच, म्हणून तो २०१९ पासूनच कंपनीत आहे असं सांगतो, आणि ते त्याच्या दृष्टीने खरंही आहे. पण ईपीएफओच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी उघडली, तर एकाच यूएएनखाली दोन वेगळ्या आस्थापना आणि दोन मेंबर आयडी दिसतात. पत्रात ‘जून २०१९ पासून आमचे कर्मचारी’ असं आलं, तर ते या नोंदीशी विसंगत ठरतं.

बरोबर पत्र असं होईल: ‘श्री. अमुक हे १ एप्रिल २०२१ पासून आमच्या कायम सेवेत असून सध्या वरिष्ठ तंत्रज्ञ या पदावर आहेत.’ आधीच्या काळासाठी कंत्राटदाराकडून वेगळा अनुभवाचा दाखला घ्यावा. तो काळ कंपनीने आपल्याच पत्रात लिहावा असा आग्रह धरू नका. कंत्राटी कामगार थेट आपलाच होता असं लेखी दिलं तर पुढे त्यावरून दावा होईल, ही भीती एचआरला असते आणि ती निराधार नाही. बँकेला दोन कागद मिळून सलग नोकरी दिसली तर तेवढं पुरतं. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली असेल किंवा ग्रुपमधल्या एका कंपनीतून दुसरीत बदली झाली असेल, तर मात्र मूळ रुजू तारीख आणि सेवा अखंड धरल्याचा उल्लेख कंपनीनेच करायला हवा.

प्रोबेशनवर असाल तर पत्रात तसंच येऊ द्या. राजीनामा देऊन नोटीस पीरियडमध्ये असाल, तर ते लपवणारं पत्र मागू नका. बँकेच्या वतीने पडताळणी करणारी एजन्सी कंपनीत फोन करते किंवा मेल पाठवते, आणि तेव्हा खरं समोर येतं. अनेक कंपन्या तुमच्या संमतीशिवाय फोनवर पगार सांगत नाहीत, त्यामुळे त्या बँकेला माहिती देण्याची लेखी परवानगी एचआरला आधीच देऊन ठेवा.

मागणीच्या मेलमध्ये एम्प्लॉयी कोड, पत्र कुणाच्या नावे हवं ती बँक आणि शाखा किंवा वकिलात, आणि कशासाठी हवं ते लिहा. सोबत शेवटची सॅलरी स्लिप जोडा. पत्र हातात आलं की त्यावर तारीख, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, शिक्का, कंपनीचा पत्ता, फोन आणि कंपनीच्याच डोमेनचा मेल आयडी आहे ना ते बघा. जीमेलचा पत्ता असलेलं पत्र पडताळणीत सहज अडकतं. पत्र ताजं असावं, महिन्याभरातलं असलं की सहसा प्रश्न येत नाही.

व्हिसासाठी यात थोडी भर पडते. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसाच्या मार्गदर्शनात पद, पगार आणि किती काळ नोकरीत आहात हे लेटरहेडवर असावं असं सांगितलंय. शेंगेनसाठी कंपनीने मंजूर केलेल्या रजेच्या तारखाही हव्यात, आणि त्या परतीच्या तिकिटाशी जुळल्या पाहिजेत. नाव पासपोर्टवर आहे तसंच. आपल्याकडे कंपनीच्या रेकॉर्डला मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं आणि पासपोर्टवर माहेरचंच, असं अनेकींचं असतं. अशा वेळी पत्रात पासपोर्ट क्रमांक घालून घेणं आणि विवाह नोंदणीचा दाखला सोबत देणं हिताचं. खोटा मजकूर इथे फार महागात पडतो: कॅनडात चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर ५ वर्षं, ब्रिटनमध्ये फसवणूक ठरली तर १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात.

छोट्या फर्ममध्ये मालक पत्र द्यायला तयार नसेल, तर नियुक्तीपत्र, सॅलरी स्लिपा, दोन वर्षांचे फॉर्म १६, पगार जमा होणाऱ्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि पीएफ पासबुक एकत्र देऊन बँकेला विचारा. पगार रोखीने मिळत असेल तर हा मार्ग बंद होतो. मग आयकर विवरणपत्रं भरलेली असतील तर त्यांच्यावरच भिस्त राहते, आणि कर्जाचा अर्ज करण्याआधी निदान काही महिने तरी पगार खात्यात घ्यायला मालकाला राजी करावं लागतं.