चौकडीच्या शर्टाची परीक्षा

फोटोतल्या माणसाच्या अंगावरचे कपडे बदलून देणाऱ्या साधनांच्या जाहिरातींत बहुतेक वेळा एकरंगी टीशर्ट दिसतो. त्याजागी 5 मिलिमीटरची बारीक चौकडी घालून बघा. खांद्यावर रेघा वितळतात, कोपराशी लाटा उठतात, खिशावरची चौकडी भलत्याच आकाराची होते. त्यावर सर्रास मिळणारा सल्ला म्हणजे सूचनेत ‘अगदी हुबेहूब’, ‘अतिसूक्ष्म तपशील’ असे शब्द घाला. हा निव्वळ मंत्रतंत्र आहे. अडचण शब्दांची नसून मोजमापाची आहे.

1024 पिक्सेल उंच फोटोत 170 सेंटिमीटर उंचीचा माणूस 850 पिक्सेल व्यापतो असं धरू. म्हणजे एका सेंटिमीटरला 5 पिक्सेल, आणि आपल्या एका चौकड्याला अडीच. नक्षीच्या एका आवर्तनाला, म्हणजे इथे एका चौकड्याला, किमान दोन पिक्सेल लागतात, त्यापेक्षा कमी मिळाले तर खरी रेघ जाऊन भलतीच जाड नक्षी उमटते. अडीच म्हणजे आपण त्या काठावरच आहोत.

पण खरी मेख पुढे आहे. आजची बरीचशी साधनं चित्र थेट पिक्सेलमध्ये रंगवत नाहीत. ती आधी त्याचा संक्षेप करतात. स्टेबल डिफ्यूजन या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलच्या मूळ रचनेत 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनामागे फक्त 4 आकडे उरतात. त्या चौकोनात 64 पिक्सेल आणि प्रत्येकाचे तीन रंग, म्हणजे मूळ आकडे 192. नव्या काही मॉडेलांत 4 ऐवजी 16 उरतात, तरी काटछाट मोठीच. आपल्या फोटोत असा एक चौकोन शर्टाचे 16 मिलिमीटर व्यापतो, म्हणजे तीनहून जास्त चौकडे. ‘इथे बारीक निळी-पांढरी चौकडी आहे’ एवढं त्या आकड्यांत मावतं. रेघ नेमकी कुठे सुरू होते ते नीट मावत नाही, आणि शेवटी चित्र उलगडताना ती जागा अंदाजाने भरली जाते. शेजारच्या चौकोनांचे अंदाज किंचित हुकले की रेघ थरथरते. एकरंगी कापडात हुकण्यासारखं काही नसतं, म्हणून तो टीशर्ट सुरेख दिसतो.

मग फक्त छातीचा 25 सेंटिमीटरचा भाग कापून 1000 पिक्सेलवर काम केलं तर? चौकड्याला 20 पिक्सेल मिळतात आणि रेघा सरळ येतात. मात्र शेजारचे तुकडे वेगळे केले की एकातली रेघ दुसऱ्यात जुळत नाही, कारण तुकड्यांना एकमेकांची खबर नसते.

आता शिलाई. 2018 सालच्या व्हिटॉनसारख्या पद्धती कपड्याचं चित्र ‘थिन प्लेट स्प्लाइन’ या गणिताने अंगाच्या आकारात ओढत. त्या ताणण्यात शर्ट म्हणजे एकच सलग पडदा. खरा शर्ट तसा नसतो. खांद्यावरचा जोड, म्हणजे योक, वेगळा कापलेला, त्याच्या रेघा बहुधा समोरच्या भागाशी जुळत नाहीत. बाही वेगळी, खिसा कधी मुद्दाम तिरका. शिलाईवर रेघ तुटायलाच हवी, पण नीट तुटायला हवी: दोन्ही बाजूंना आपापल्या दिशेने सरळ.

घडीचंही तसंच. समजा कोपराशी एका चुणीत 12 मिलिमीटर कापड दडलंय. म्हणजे दोन पूर्ण चौकडे आणि वर 2 मिलिमीटर लपले. म्हणून घडीच्या दोन काठांवर रेघा 2 मिलिमीटरने सरकलेल्या दिसल्या पाहिजेत. मॉडेल मात्र त्या हौसेने जोडून टाकतं, आणि कापड रबरासारखं वाटू लागतं.

म्हणून बारीक नक्षीसाठी मला उलटी वाट पटते. आधी माणसाला साधा पांढरा शर्ट घालून घ्यायचा. यातून मापाची ठेवण, चुण्या आणि सावल्या मिळतात. मग फोटो संपादकात योक, बाह्या, समोरचे दोन भाग, खिसा असे भाग शिलाईवरून वेगळे आखायचे आणि प्रत्येकावर मूळ कापडाचा सपाट नमुना जाळीने वाकवून बसवायचा. खोल चुणीशी थर कापून पुढचा तुकडा लपलेल्या कापडाएवढा सरकवायचा. शेवटी नमुन्याचा थर ‘मल्टिप्लाय’वर ठेवला की पांढऱ्या शर्टाच्या सावल्या त्यातून दिसतात. हे सारं फोटोच्या दुप्पट-चौपट आकारात करायचं आणि लहान करण्याआधी किंचित धूसर करायचं. त्यातूनही चौकड्याला दोनपेक्षा कमी पिक्सेल उरणार असतील तर सपाट रंगच प्रामाणिक.

निकाल तपासायला मोजणी पुरते. मूळ शर्टात दोन बटणांमध्ये 9 सेंटिमीटर अंतर असेल तर तिथे 18 चौकडे असतात. माणूस तिरका उभा असो की वाकलेला, त्या पट्टीवर चुणी नसेल तर बदललेल्या फोटोतही 18 च हवेत. 15 किंवा 21 भरले, तर ते कापड त्या शर्टाचं नाही.